तक्रार नाही म्हणजे गिऱ्हाईक खूश? डब्याच्या धंद्यात आम्ही केलेल्या या चुका टाळा

ऑगस्टच्या शेवटी वहिनींचा फोन आला, आवाज एकदम खुशीतला. "भावजी, या महिन्यात फक्त चार तक्रारी. जूनमध्ये अकरा होत्या!" वहिनी कोथरूडला डबे करतात. दुपारचा एकच डबा, 80 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे माणशी 2,080 रुपये. तेव्हा 120 गिऱ्हाइकं होती. हिशोब मी बघतो, कारण वहिनींना वही आवडते पण बेरीज आवडत नाही. मी सहज विचारलं, सप्टेंबरचे पैसे किती जणांचे आले? जरा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाल्या, सत्त्याण्णव.

म्हणजे 23 जण गेले आणि तक्रारी आल्या चार.

वहिनींचं म्हणणं, पोरं आहेत हो, रूम बदलतात, गावाला जातात. असेलही. पण मी त्या तेवीस जणांना एकेक करून फोन करायचं ठरवलं. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. पाच जणांनी उचललाच नाही. अठरा जण बोलले. त्यातले चार खरंच दुसरीकडे राहायला गेले होते आणि तिघांनी घरीच करायला सुरुवात केलेली. उरले अकरा. त्यात सहा जणांचा प्रॉब्लेम एकच, डबा उशिरा येतो. तिघांचा रस्सा गळून पिशवीत सांडायचा आणि दोघांना तीच तीच भाजी नकोशी झाली होती. या अकरांपैकी आधी कुणाला तरी सांगितलं होतं असे किती, तर दोन. आणि दोघांनीही डबा द्यायला येणाऱ्या पोराला सांगितलेलं, वहिनींना नाही. वहिनींच्या वहीत उशिराची एकही तक्रार नव्हती. वहीतल्या चार तक्रारी होत्या मीठ, पोळी कडक, तेल जास्त, आणि परत मीठ.

डबा, खानावळ, पाण्याचे जार, क्लासेस, जिम, असा महिन्याच्या महिन्याला पैसे येणारा कुठलाही धंदा असेल तर तुमच्याकडेही हेच चाललेलं असू शकतं. आमचं कुठे चुकलं ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिली चूक : तक्रारी कमी करणं हेच टार्गेट

जून ते ऑगस्टमध्ये तक्रारी अकरावरून चारवर कशा आल्या ते मी शोधलं. ज्याने तक्रारी कमी व्हाव्यात असं जेवणात तर काहीच बदललं नव्हतं. बदलल्या होत्या दोन गोष्टी आणि दोन्ही आम्हीच केलेल्या, त्यातली एक तर माझीच आयडिया.

एक म्हणजे जुलैपासून गिऱ्हाइकांना वहिनींच्या स्वतःच्या नंबरऐवजी धंद्याचा वेगळा नंबर दिला. त्यावर मेसेज टाकला की आपोआप उत्तर जायचं, "आपला मेसेज मिळाला आहे, लवकरच संपर्क करू." हे मी सेट करून दिलेलं आणि मला वाटलं काय प्रोफेशनल झालं आता. त्या फोनकडे दुपारी 11 ते 2 कुणी बघायचंच नाही, कारण तेव्हा डबे भरायची घाई. आणि नेमकं त्याच वेळात माणूस भुकेला असतो, वैतागलेला असतो आणि काहीतरी लिहायच्या मूडमध्ये असतो. संध्याकाळी सहाला वहिनींनी "बोला ना काय झालं" म्हणून मेसेज केला की समोरून यायचं "काही नाही, ठीके". हे "काही नाही, ठीके" आम्ही सुटलेली तक्रार म्हणून धरत होतो.

दुसरी गोष्ट अजून वाईट. डबे पोचवणाऱ्या पोरांना वहिनींनी सांगून ठेवलं होतं की तुझ्या लाइनवरून तक्रार आली तर पन्नास रुपये कापणार. हेतू चांगला होता, पोरांनी काळजी घ्यावी म्हणून. पण तुम्हीच सांगा, ज्याच्या खिशातून पन्नास जाणार तो तक्रार घरापर्यंत आणेल का. गिऱ्हाईक म्हणालं "अरे आज पण उशीर" की तो म्हणणार "दादा उद्यापासून लवकर आणतो, काकूंना नका सांगू". आणि दादा बिचारा सांगायचा नाही, कारण पोरगा चांगला आहे, त्याचं नुकसान कशाला.

मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं, फक्त पन्नास रुपयांच्या जागी इन्सेंटिव्ह असतो. सर्व्हिस सेंटरमधून गाडी घेताना "सर कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच सांगा हां, नऊ दिले तरी आमचं कटतं" हे ऐकलं नसेल असा माणूस विरळा. तिकडे हेड ऑफिसला सगळं हिरवं दिसत असतं.

एखादी अडचण मालकापर्यंत पोचायला मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. गिऱ्हाइकाला ती खटकली पाहिजे, बोलावंसं वाटलं पाहिजे, कुणाशी बोलायचं ते माहीत पाहिजे, ज्याच्याशी बोलला त्याने ती पुढे सांगितली पाहिजे आणि कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे. प्रत्येक पायरीवर गळती होते. म्हणून आकडा कमी झाला की दोन शक्यता असतात, अडचणी कमी झाल्या किंवा गळती वाढली. ओळखायची साधी खूण अशी की तक्रारींच्या शेजारी "या महिन्यात किती जणांनी बंद केलं" हा आकडा लिहायचा. दोन्ही खाली येत असतील तर पेढे वाटा. तक्रारी खाली आणि बंद करणारे तेवढेच किंवा वर, तर नळ कुठेतरी तुंबलाय.

दुसरी चूक : गप्प बसला म्हणजे त्याला फार काही वाटलं नाही

अमेरिकेत 1970 च्या दशकात तिथल्या सरकारच्या ग्राहक खात्यासाठी टार्प नावाच्या संस्थेने यावर मोठा अभ्यास केला. त्यातले आकडे आजही या विषयाच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये फिरतात. शंभर डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालेल्या आणि गप्प बसलेल्या लोकांपैकी परत तिथेच घेऊ म्हणणारे 9 टक्के. तक्रार केली पण सुटली नाही, तरी परत घेऊ म्हणणारे 19 टक्के. सुटली तर 54, आणि पटकन सुटली तर 82.

सगळे 9 आणि 82 कडे बघतात, पण मला 9 आणि 19 मधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. तक्रार सुटलीच नाही तरी नुसतं बोलून मोकळा झालेला माणूस गप्प बसलेल्यापेक्षा जास्त टिकतो. आता यात एक गोम आहे, ती ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. बोलणारा माणूस मुळातच जास्त जीव लावलेला असू शकतो, म्हणून तो बोलला आणि म्हणूनच टिकला. त्यामुळे "तक्रार करायला लावली की गिऱ्हाईक टिकतं" असा सरळ अर्थ काढू नका, शिवाय आकडे जुने आणि तिकडचे आहेत. पण गप्प बसलेला माणूस बहुतेक वेळा दाराकडेच चाललेला असतो हे आमच्या तेवीस जणांनी मला चांगलंच दाखवलं.

मग बोलत का नाहीत? त्या अकरा जणांनी सांगितलेलं एकत्र केलं तर असं दिसतं. पहिलं म्हणजे हिशोब. ऐंशी रुपयांच्या डब्यासाठी कोण फोन करणार, परत समजावून सांगणार, परत उशीर झाला की परत सांगणार. महिना संपला की दुसरा डबा लावणं त्यापेक्षा सोपं. दुसरं, फायदा काय हा प्रश्न. एकजण मेसेज टाकूनही पुढे काही न सांगता गप्प बसलेला, तो म्हणाला, "तुमचा ऑटोमॅटिक मेसेज आला तेव्हाच कळलं काही होणार नाही." (हो, माझाच मेसेज.) तिसरं, भीती. जेवणाच्या धंद्यात ही असतेच, की तक्रार केली आणि उद्या मुद्दाम कमी भाजी दिली तर? वहिनी असं स्वप्नातही करणार नाहीत, पण गिऱ्हाइकाला ते कुठे माहीत. क्लासमध्ये पोराच्या पालकांना हीच भीती असते आणि दवाखान्यात तर फारच.

आणि चौथं कारण कुठल्या अभ्यासात या शब्दांत सापडणार नाही. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, ताटातल्या अन्नाला नावं ठेवू नयेत. जे पुढ्यात येईल ते गप खायचं. एक मुलगी मला अक्षरशः म्हणाली, "काकू एवढं करतात, त्यांना कसं सांगायचं भाजी परत परत तीच येते म्हणून, बरं नाही वाटत ना." तिला काकूंना दुखवायचं नव्हतं, म्हणून तिने काहीही न सांगता डबा बंद केला आणि आमचे महिन्याचे 2,080 गेले. गिऱ्हाईक जितकं चांगुलपणाचं तितकं ते जास्त गप्प, हे धंद्याच्या दृष्टीने फार वाईट आहे. ज्यांच्याशी घरगुती संबंध त्यांच्याकडून तर तक्रार कधीच येत नाही, एक दिवस फक्त दुसऱ्याच्या डब्याची पिशवी दारात दिसते.

तिसरी चूक : बोलतात त्यांच्यावरून बाकीच्यांचं ठरवणं

ऑगस्टच्या चार तक्रारींपैकी तीन एकाच काकांच्या. रिटायर्ड, घरी असतात, वहिनींचा जुना नंबर त्यांच्याकडे आहे, आणि त्यांना फोनवर बोलायला आवडतं. काका चांगले आहेत, त्यांनी डबा कधी बंदही केला नाही. पण त्यांच्या तक्रारींवरून वहिनींनी काय केलं, तर तेल कमी केलं, मीठ कमी केलं, पोळीला थोडं दूध लावायला लागल्या. या पोळ्यांच्या भानगडीत सकाळची वीस मिनिटं वाढली आणि डबे अजून उशिरा निघायला लागले. काकांना उशिराचं काही नव्हतं, ते दीडला जेवतात. जे जात होते ते नोकरीवाले होते, त्यांचा लंच एक ते दीड, आणि डबा यायचा एक वीसला.

म्हणजे तक्रारी ऐकून आम्ही जो बदल केला त्यानेच जाणाऱ्यांना अजून ढकललं. हे कळलं तेव्हा मी खरंच डोक्याला हात लावला.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये हे फार छान मांडलं होतं. त्याला प्रश्न पडला होता नायजेरियाच्या रेल्वेचा. भुईमुगाची वाहतूक ट्रककडे गेली, ट्रकची एवढी स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारली का नाही? त्याचं उत्तर असं की ट्रक आल्यामुळे सगळ्यात चोखंदळ आणि आरडाओरडा करू शकणारी गिऱ्हाइकं आधी निघून गेली, आणि मागे राहिले ते ओरडणारे नव्हते. निघून जायची सोय जितकी सोपी तितका आवाज कमी. कोथरूडमध्ये दर दोन बिल्डिंगमागे एक डबेवाली आहे. आमच्या गिऱ्हाइकांना ओरडायची गरजच नव्हती.

म्हणून तक्रारवही वाचताना आधी बघायचं की लिहिणारा कोण आहे. एकाच माणसाच्या तीन तक्रारी तीन मोजायच्या नाहीत, एक मोजायची. आणि जे गेले त्यांची कारणं वेगळ्या पानावर लिहायची. आमच्या दोन पानांत एकही कारण सारखं नव्हतं.

चौथी चूक : "काही तक्रार नाही ना?" असं विचारणं

या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. "नाही ना" म्हटल्यावर समोरचा "नाही" असंच म्हणणार. "जेवण कसं वाटलं?" हा पण तसाच, त्याला मराठी माणसाचं एकच उत्तर आहे, "छान". लग्नात यजमानाने विचारल्यावर आपण काय सांगतो, तेच.

तेवीसपैकी पहिल्या चार फोनला मी हेच विचारत होतो आणि मला चारही वेळा "छान होतं हो" मिळालं. पाचवा फोन कर्वे रोडवरच्या एका बँकेत काम करणाऱ्या ताईंचा. तो जसा आठवतो तसा लिहितो.

मी म्हटलं, मी अमुक डब्याकडून बोलतोय. त्या लगेच, "हो हो, जेवण छान होतं काकूंचं, माझंच जरा डाएट चालू आहे." मी ठीक म्हणून ठेवणार होतो, पण का कुणास ठाऊक, विचारलं, "शेवटच्या आठवड्यात डबा साधारण किती वाजता यायचा?" त्या म्हणाल्या, "सव्वा एक, एक वीस." "आणि तुमचा लंच?" "एक ते दीड." मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या, "खरं सांगू का, दहा मिनिटांत जेवायला व्हायचं नाही, अर्धा डबा तसाच घरी न्यायचे. मग सासूबाई म्हणायच्या पैसे वाया चाललेत."

डाएट वगैरे काही नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, भिडेखातर बोलत होत्या. मत विचारलं तर लोक समोरच्याचं मन राखतात, पण घड्याळात किती वाजले होते हे विचारलं तर खरं सांगतात कारण त्यात कुणाला नावं ठेवल्यासारखं होत नाही. त्यानंतर मी सगळ्यांना असेच प्रश्न विचारले. डबा किती वाजता आला, किती उरलं, पिशवी ओली होती का, गेल्या आठवड्यात बटाटा किती वेळा आला. सुरुवातीच्या चौघांनाही परत फोन केला, थोडी लाज वाटली पण केला.

अजून एक, सुरुवातीलाच सांगायचं की "परत चालू करा म्हणून फोन नाही केला". नाहीतर समोरच्याला वाटतं आता हा गळ्यात पडणार आणि तो पटकन सुटायचं कारण देतो. आणि सांगितलंत तर मग खरंच गळ्यात पडायचं नाही.

आता चालू गिऱ्हाइकांसाठी आम्ही काय केलं, तर दर आठवड्याला 10 जणांना वहिनी स्वतःच्या नंबरवरून एकच ओळ पाठवतात, "काल डबा किती वाजता मिळाला? काही उरलं का?" बास. आकडे द्या, स्टार द्या, फॉर्म भरा, काही नाही. दहातले सहा-सात उत्तर देतात. जो नवीन गिऱ्हाईक आहे त्याला पहिल्या आठवड्यातच विचारतो, कारण त्याचं मन अजून पक्कं व्हायचं असतं.

पोरांचे पन्नास रुपये कापणं बंद केलं, उलट एखादी गोष्ट घेऊन आला तर वीस रुपये द्यायला सुरुवात केली. वहिनींना आधी पटलं नव्हतं, "म्हणजे तक्रारीचे पैसे द्यायचे?" म्हणाल्या. हो, तेच. खोट्या तक्रारी आणतील अशी भीती होती, आणि एकाने दोन आणल्या पण, म्हणून मग नियम केला की दहातल्या एखाद्याला वहिनी फोन करून खात्री करणार. तेवढं पुरलं.

पाचवी चूक : तक्रार आली की आधी बाजू मांडणं, नाहीतर आधी कूपन देणं

हे दोन्ही एकाच घाईतून येतं, विषय लवकर संपवायचा असतो. पहिल्या प्रकारातलं लाडकं वाक्य, "बाकी कुणाची अशी तक्रार नाही हो." वरचं सगळं वाचल्यावर कळलं असेल की हे वाक्य बहुतेक वेळा खोटं नसतं, पण त्याला अर्थही नसतो. आणि समोरच्याला ऐकू येतं, तूच विचित्र आहेस.

दुसरा प्रकार जरा सभ्य, "सॉरी, तुम्हाला उद्याचा डबा फ्री." या विषयावर काम करणारे लोक म्हणतात की गिऱ्हाईक तीन गोष्टी तपासत असतं. नुकसान भरून मिळालं का, त्यासाठी किती खेटे घालावे लागले, आणि आपल्याशी माणसासारखं बोलले का. फ्री डबा फक्त पहिल्याला उत्तर देतो. ज्याचा लंच टाइम चुकतोय त्याला फ्री डबा देऊन काय उपयोग, तोही एक वीसलाच येणार ना.

बँकेतल्या ताईंचं आम्ही कसं केलं ते सांगतो. फोन संपताना मी एवढंच म्हटलं, "म्हणजे एकच्या आधी डबा टेबलावर पाहिजे, नाहीतर उपयोग नाही, बरोबर?" त्यांचंच म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगितलं, म्हणजे त्यांना कळलं की मला कळलंय. वेळ कबूल केली नाही, म्हटलं शुक्रवारपर्यंत बघून सांगतो. मग वहिनींसोबत बसून लाइन काढली. एकच पोरगा कोथरूडहून वारज्याला जाऊन कर्वे रोडला शेवटी यायचा, 34 डबे. कर्वे रोडचे 11 डबे दुसऱ्या पोराला दिले, आणि पोळ्यांचं दूध बंद. चार दिवस रोज वेळ लिहिली, डबे 12:35 ते 12:50 मध्ये पोचले. वहिनी म्हणाल्या सांगा त्यांना साडेबारा. मी म्हटलं नाही, बारा पन्नास सांगायचं.

यावर आमचं थोडं वाजलं, पण माझं म्हणणं असं की पहिली चूक गिऱ्हाईक एकवेळ विसरतं, ती निस्तरताना झालेली दुसरी विसरत नाही. साडेबारा सांगून पावणेएकला पोचलात तर तुम्ही वेळेत असूनही खोटे ठरता. शुक्रवारी फोन केला, काय बदललं ते दोन वाक्यांत सांगितलं, बारा पन्नास म्हणालो आणि तीन दिवसांचा डबा बघायला घ्या म्हटलं, आवडला तर पैसे. तिसऱ्या दिवशी विचारलं किती वाजता आला. त्यांनी महिना लावला.

उशिरामुळे गेलेल्या सहापैकी चार परत आले. रस्सा गळणाऱ्या तिघांपैकी एकही नाही, त्यावर शेवटी येतो. खर्च विचाराल तर चार जणांचे तीन-तीन म्हणजे 12 डबे, जिन्नस आणि गॅस धरून डब्याला पन्नासच्या आसपास, सहाशे रुपये. आमचा नफा डब्यामागे वीसेक रुपये, चार जणांचा महिन्याचा 2,080. पहिल्या महिन्यातच निघाले. पॅम्प्लेट छापून नवीन चार आणायला यापेक्षा जास्त जातात, आणि ते टिकतील का ते वेगळंच.

छोट्या गोष्टींसाठी पोरांनाच अधिकार दिलाय. डबा सांडला, उशीर झाला, भाजी खराब निघाली, तर तिथल्या तिथे "आजचे पैसे धरू नका" म्हणायचं, कुणाला विचारायचं नाही, मर्यादा एक डबा. पटकन सुटण्यावर वरच्या आकड्यांत 54 आणि 82 एवढा फरक होता तो आठवा. "काकूंना विचारून सांगतो" यात दोन दिवस जातात आणि ऐंशी रुपयांची गोष्ट मानापमानाची होते.

मात्र एक गैरसमज नको. चूक करून छान निस्तरली की गिऱ्हाईक आधीपेक्षा जास्त पक्कं होतं असं सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये ठासून सांगतात. यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये तपासले गेले, तेव्हा निघालं की असा माणूस जास्त समाधानी होतो खरा, पण परत घेण्याबाबत किंवा चारचौघांत चांगलं बोलण्याबाबत तो फायदा दिसत नाही. म्हणजे निस्तरल्याने नुकसान भरून निघतं, बोनस मिळेल असं समजू नका.

आणि दर सोमवारी काहीतरी काढणारी दोन-तीन गिऱ्हाइकं सगळ्यांकडे असतात. वहीत एकाच नावापुढे महिन्यात चारदा "पैसे धरू नका" दिसलं की वहिनी स्वतः फोन करतात आणि गोडीत सांगतात की आमचा डबा तुम्हाला मानवत नाहीये, उरलेले पैसे परत घ्या. आतापर्यंत एकदाच करावं लागलं. या एकासाठी बाकी सगळ्यांकडे संशयाने बघायचं नाही.

ऑनलाइन विकत असाल तर हे नुसतं शहाणपणाचं नाही, कायद्याचंही आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. ऑटोमॅटिक मेसेज टाकून पोच होईल, पण सोडवणं होत नाही. नाही ऐकलंत तर गिऱ्हाईक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही. पण खरं सांगायचं तर तिथपर्यंत जाणारे फार थोडे. बाकीचे सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकतात, "तो डबा नका लावू", आणि त्या ग्रुपमध्ये तुम्ही नसता.

ऑक्टोबरअखेरीला वहिनींचा परत फोन आला, या वेळी आवाज पडलेला. "भावजी, सत्तावीस तक्रारी झाल्या हो या महिन्यात." मी विचारलं बंद किती जणांनी केलं. नऊ, म्हणाल्या, त्यातले पाच दिवाळीला घरी गेलेत, येतील. मग सत्तावीस वाचून दाखवल्या. त्यातल्या आठ रस्सा गळण्याच्या. झाकणाचं रबर बदलून बघितलं, पोरांना डबा उभा ठेवायला सांगितलं, तरी आमटीच्या दिवशी गळतोच. आता बुधवारी आमटीऐवजी घट्ट वरण द्यायचं आणि रविवारी बोहरी आळीत जाऊन क्लिपवाले डबे बघायचे असं ठरलंय. एका डब्याला किती पडतात ते बघून पुढचं.